गाळा एका दिवसात रिकामा झाला, जीएसटी नंबर सुटायला चार महिने लागले

बार्शीत माझं इलेक्ट्रिकलचं दुकान होतं, वायर, स्विच, बल्ब, एमसीबी, पंखे असलं सगळं, 2011 पासून. गाळ्याचं ॲग्रीमेंट 2024 च्या डिसेंबरला संपत होतं आणि मालकाला गाळा पाहिजे होता, विक्री पण तीन वर्षं खालीच चालली होती, म्हणून दिवाळी झाल्यावर घरात बसून ठरवलं की आता थांबायचं. एका ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझरचं काम मिळत होतं ते धरलं. ते सगळं इथं सांगत बसत नाही, मला सांगायचंय ते जीएसटी नंबर बंद करायचं, कारण त्याबद्दल मला जे वाटत होतं आणि प्रत्यक्षात जे झालं त्यात लय फरक निघाला आणि माझ्यासारखे छोटे दुकानदार तिथंच अडकतात.

मला वाटायचं अर्ज करायचा, नंबर रद्द झाल्याची ऑर्डर आली की संपलं. बाजारात बहुतेकांना तसंच वाटतं. आमच्याच लाइनीतल्या एकाने ऑर्डर आल्यावर पोर्टलकडे परत बघितलंच नाही आणि नंतर त्याला फायनल रिटर्न भरलं नाही म्हणून नोटीस आली. फायनल रिटर्न म्हणजे जीएसटीआर-10, त्याची लेट फी दिवसाला 200 रुपये, सीजीएसटी 100 आणि एसजीएसटी 100, ती वाढत वाढत 10,000 ला जाऊन थांबते. बंद दुकानाचे 10,000. अजून एक जण असा की त्याने अर्ज पण केला नाही, नुसतं रिटर्न भरायचं सोडून दिलं, म्हटला डिपार्टमेंट आपोआप कॅन्सल करेल. करतात ते, पण तोवरच्या प्रत्येक न भरलेल्या रिटर्नची लेट फी चढत राहते, आणि फायनल रिटर्न तिथंही सुटत नाही.

तर नोव्हेंबरच्या शेवटी सीएंकडे गेलो. ते म्हटले, "शेठ, अर्ज दहा मिनिटांचा आहे, त्याच्या आधी दोन कामं करा. एक, माल मोजा. दुसरं, पोर्टलवर जुनी नोटीस पडली आहे का ते बघा." मी म्हटलं नोटीस काही नाही, आली असती तर मेल आला असता ना. ते म्हटले मेल कुणाचा टाकलाय रजिस्ट्रेशनला? आणि मला तेच माहीत नव्हतं. 2017 ला व्हॅटमधून जीएसटीत जाताना जे कन्सल्टंट काम बघत होते त्यांनी स्वतःचाच मेल आणि स्वतःचाच मोबाईल टाकला होता, ते काम सोडून पाच वर्षं झाली, त्यांचा फोन लागत नाही. म्हणजे सरकारकडून माझ्या नावाने जे काही येत होतं ते दुसऱ्याच्याच मोबाईलवर जात होतं. आपलं युजरनेम पासवर्ड आपल्याकडे आहे एवढ्यावर निवांत राहू नका, प्रोफाईल उघडून मेल मोबाईल कुणाचा आहे ते आजच बघा, आणि दुसऱ्याचा असेल तर बदलायचं काम नंबर चालू असतानाच करा, एकदा रद्द झाल्यावर असल्या दुरुस्त्या करायला लय अवघड जातं. आम्ही ते 11 डिसेंबरला केलं.

आणि त्याच दिवशी नोटीस सापडली.

ती कुठं होती ते नीट सांगतो. पोर्टलवर Services मध्ये User Services आहे, त्यात View Notices and Orders असं एक आहे, तिथं काहीच नव्हतं, कोरं. पण त्याच्या खाली View Additional Notices/Orders असं वेगळंच एक पान आहे, ते बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि कराची नोटीस असते ती नेमकी तिथं पडते. सीएंनी ते उघडलं तर दोन ओळी. एक ऑगस्टची, एएसएमटी-10, म्हणजे तुमच्या रिटर्नमध्ये फरक दिसतोय खुलासा द्या असं विचारणारी. तिला उत्तर गेलं नाही म्हणून दुसरी, 26 नोव्हेंबरची, डीआरसी-01, म्हणजे खरीखुरी कारणे दाखवा नोटीस, कलम 73 खाली, 2020-21 या वर्षाची. मी खुर्चीतच बसून राहिलो. बायकोला फोन केला तर ती म्हटली, "अहो पण दुकान बंद करताय ना, मग आता कशाला भरायचं?" हा प्रश्न साधा आहे आणि सगळ्यांच्या मनात असतो, पण कायद्यात स्पष्ट आहे, कलम 29 चं पोटकलम 3, नंबर रद्द झाला तरी त्याच्या आधीच्या काळाची देणी तशीच राहतात. दुकान बंद केल्याने नोटीस बंद होत नाही, उलट पोर्टल उघडायची सवय सुटते आणि एकतर्फी ऑर्डर होते.

सीएंनी सांगितलं की 2020-21 च्या कलम 73 च्या ऑर्डरची मुदत 28 फेब्रुवारी 2025 ला संपत होती आणि नोटीस त्याच्या तीन महिने आधी द्यावी लागते, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटाला त्या वर्षाच्या नोटिसा भरपूर निघाल्या होत्या. माझी त्यातलीच एक. दोन मुद्दे होते.

पहिला मुद्दा असा की जीएसटीआर-1 मध्ये मी विक्री जास्त दाखवली आणि 3बी मध्ये कर कमी भरला, फरक 15,480. मी म्हटलं हे शक्यच नाही. मग रात्री वह्या काढल्या, जुनी फाईल काढली, आणि सापडलं. एका कॉन्ट्रॅक्टरला ऑक्टोबरमध्ये 86,000 चं बिल केलं होतं, 18 टक्क्यांनी कर होतो 15,480, बरोबर तेवढाच आकडा. तेच बिल नोव्हेंबरच्या जीएसटीआर-1 मध्ये परत एकदा चढलं होतं, बिल नंबरमध्ये एक शून्य जास्त टाकून, म्हणून पोर्टलने ते वेगळं बिल धरलं. 3बी मात्र वहीवरून भरलं होतं त्यामुळे त्यात एकदाच आलं. फरकाची रक्कम दिसली की आधी तिला 0.18 ने भागून बघायचं आणि येणारा आकडा विक्रीच्या वहीत शोधायचा, ही युक्ती सीएंनी सांगितली आणि मला पंधरा मिनिटांत बिल सापडलं. फरक एकाच बिलाचा असेल तर आकडा असा सरळ मिळतो, नाही मिळाला तर मग महिन्या महिन्याचं जुळवत बसावं लागतं.

पण आपण म्हटलं की दोनदा चढलं म्हणून साहेब ऐकतीलच असं नाही, कारण दुसऱ्या बाजूला त्या कॉन्ट्रॅक्टरच्या 2ए मध्ये, म्हणजे पोर्टल दाखवतं त्या त्याच्या खरेदीच्या यादीत, ते बिल दोनदा दिसत होतं, त्याने दोनदा क्रेडिट घेतलं असेल, म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या देण्यातून दोनदा वजा केला असेल, तर सरकारचं नुकसान झालंच. म्हणून त्याच्याकडे गेलो, त्याच्या लेटरहेडवर पत्र घेतलं की मला हे एकच बिल मिळालं, एकदाच क्रेडिट घेतलं, सोबत त्याच्या वहीतला माझ्या नावाचा उतारा, आणि माझ्या बँकेचं स्टेटमेंट ज्यात पैसे एकदाच आलेत. माणूस चांगला, चार वर्षांनी पण त्याच दिवशी काढून दिलं. हे उत्तर डीआरसी-06 मध्ये 24 डिसेंबरला टाकलं, सगळे कागद जोडून, आणि प्रत्यक्ष सुनावणी पाहिजे हे पण त्यात टिक केलं. ते टिक करायला विसरू नका, समोर बसून वही दाखवता येते.

दुसरा मुद्दा 6,156 चा. एका सप्लायरचं 34,200 चं बिल, डिसेंबर 2020 चं, त्याने रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, मी क्रेडिट घेतलं. माल आला होता, पैसे दिले होते, बिल आहे. पण सप्लायरने स्वतःच धंदा बंद केलाय, त्याच्याकडून पत्र नाही की काही नाही. सीए म्हटले, "शेठ भांडता येईल, पण हिशेब मांडून बघू." नोटिशीच्या तारखेपासून 30 दिवसांत कर आणि व्याज भरलं तर दंड लागत नाही, कलम 73 चं पोटकलम 8. त्यानंतर ऑर्डर झाली तर दंड कराच्या 10 टक्के किंवा 10,000 यातला जो जास्त तो, आणि तो सीजीएसटी एसजीएसटी दोन्हीकडे वेगळा लावला तर 20,000 होतो. म्हणजे 6,156 साठी 20,000 ची जोखीम. मला राग आला खरा, माल घेऊन, कर सप्लायरला देऊन, परत मीच भरायचा, पण राग बाजूला ठेवला आणि 20 डिसेंबरला डीआरसी-03 ने भरून टाकलं. व्याज 18 टक्के, त्या महिन्याच्या 3बी च्या मुदतीपासून म्हणजे 22 जानेवारी 2021 पासून 1,428 दिवसांचं, ते 4,336 झालं. एकूण 10,492. डीआरसी-03 भरताना कारण म्हणून नोटीस निवडायचं आणि त्या नोटिशीचा नंबर टाकायचा, नुसतं ऐच्छिक म्हणून भरलं तर पैसे जातात पण ते या नोटिशीला जोडलेले दिसत नाहीत आणि मग परत साहेबांना पटवत बसावं लागतं.

जानेवारीत सुनावणी झाली. मॅडम होत्या, त्यांनी दोन्ही महिन्यांची जीएसटीआर-1 स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून बिल नंबर बघितला, पत्र वाचलं, बँकेच्या नोंदीवर खूण केली, वीस मिनिटांत झालं. फेब्रुवारीत ऑर्डर आली, पहिला मुद्दा सोडून दिला आणि दुसऱ्याची रक्कम भरलेली धरली, मागणी शून्य.

आता मालाचं. खरं तर हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथं पैसे जातात आणि कुणी सांगत नाही.

नंबर रद्द होतो त्याच्या आदल्या दिवशी दुकानात जेवढा माल शिल्लक असेल त्याच्यावर तुम्ही घेतलेलं क्रेडिट परत द्यावं लागतं. किंवा तो माल विकला असता तर जेवढा कर लागला असता तेवढा. दोन्हीतलं जे जास्त असेल ते. कलम 29 चं पोटकलम 5. तसंच मशिनरी, कॉम्प्युटर वगैरे ज्याचं क्रेडिट घेतलंय त्याचं पण.

आम्ही दिवाळीनंतर माल मोजला, मी, बायको आणि दुकानातला पोरगा, दोन रात्री लागल्या. माळ्यावरून जुने बेकलाइटचे स्विच निघाले, बंद झालेल्या डिझाइनच्या पंख्यांची पाती, सीएफएल बल्बचे खोके ज्याला आता कुणी हात लावत नाही. एकूण खरेदी भावाने 3,40,000 च्या आसपास माल होता. त्यातला चालणारा माल दोन दुकानदारांना दिला, खरेदीपेक्षा कमी भावाने पण पक्क्या बिलाने, 18 टक्के लावून. त्यांना क्रेडिट मिळतं म्हणून कर द्यायला त्यांची हरकत नसते. रॅक आणि काउंटर पण तसेच बिलाने दिले. शेवटी जो पडीक माल राहिला त्याची खरेदी किंमत 46,000. मी म्हटलं राहू दे, घरी ठेवू, साइटवर लागेल तसा वापरू.

ही माझी चूक झाली आणि ती आकड्यात सांगतो. 46,000 वर मी घेतलेलं क्रेडिट 8,280. त्या मालाची आजची किंमत फार तर 15,000, त्यावर कर होतो 2,700. जास्त कुठला, 8,280, तोच भरायचा. माल पडीक आहे, विकला जाणार नाही, याला काही अर्थ नाही, क्रेडिट घेतलं होतं ते परत. पण तोच माल मी 31 डिसेंबरच्या आधी कुणालाही 15,000 ला पक्क्या बिलाने दिला असता तर 2,700 कर लागला असता, तो पण घेणाऱ्याकडून आला असता, आणि क्रेडिट परत करायचा विषयच नव्हता, कारण ओळखीपाळखीत नाही तर खऱ्या गिऱ्हाइकाला खऱ्या भावात विकला तर तोट्यात विकला म्हणून क्रेडिट जात नाही. खिशातून 8,280 गेले त्याच्या जागी 15,000 आले असते. सीएंनी हे सांगितलं तोवर जानेवारी उजाडला होता, अर्ज गेलेला, नंबर सस्पेंड, बिल करता येत नाही. फेकून दिला किंवा फुकट वाटला तरी क्रेडिट परत द्यावंच लागतं हे पण लक्षात ठेवा. म्हणून बंद करायचं ठरलं की सगळ्यात आधी माळा रिकामा करा, चालणारा माल कसाही जातो, पडीक मालाला गिऱ्हाईक शोधायला वेळ द्या.

कॉम्प्युटर आणि प्रिंटर मुलीला घरी पाहिजे होता म्हणून ठेवला. 10 ऑगस्ट 2022 ला घेतलेला, 48,000 अधिक कर 8,640. त्याचा हिशेब वेगळा आहे, नियम 44, पाच वर्षं म्हणजे 60 महिने आयुष्य धरतात आणि उरलेल्या महिन्यांचं क्रेडिट परत. वापर झाला 28 महिने 20 दिवस, उरले 31 महिने आणि काही दिवस, अर्धवट महिना सोडून द्यायचा म्हणजे 31. 8,640 भागिले 60 म्हणजे महिन्याला 144, गुणिले 31, झाले 4,464. आजच्या बाजारभावावर, समजा 18,000 वर, कर 3,240 होतो, तो कमी म्हणून 4,464 धरायचा.

अर्ज मी 31 डिसेंबर 2024 ला केला, रेग-16, रद्द करायची तारीख पण तीच टाकली. मी तिमाही रिटर्नवाला होतो म्हणून तिमाही संपते तोच दिवस धरला, नाहीतर मधेच तारीख टाकली तर त्या तिमाहीचं अर्धवट रिटर्न भरायचं आणि हिशेब जुळवायचा असा घोळ. कारणात Discontinuance of business / Closure of business निवडलं. तिथं शिल्लक मालाची किंमत आणि त्यावरचा कर विचारतात, मी शून्य टाकून मोकळा झालो, मला वाटलं फायनल रिटर्नमध्ये भरायचंच आहे तर इथं कशाला. पैसे तेव्हाच भरायची सक्ती नाही हे बरोबर आहे, 2018 च्या सर्क्युलरमध्ये तसं आहे की फायनल रिटर्नच्या वेळी भरलं तरी चालतं, पण किंमत खरी टाकायला पाहिजे होती. दहा दिवसांनी साहेबांकडून प्रश्न आला की इतकी वर्षं माल विकणारं दुकान आणि शिल्लक शून्य कशी, यादी द्या. उत्तराला 7 कामाचे दिवस मिळतात आणि उत्तर गेलं नाही तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. मोबाईल माझा टाकलेला होता म्हणून मेसेज मला आला, जुनाच राहिला असता तर अर्ज गेलाच असता. यादी, बिलं आणि गाळा सोडल्याचं मालकाचं पत्र जोडून उत्तर दिलं. अर्ज केला की नंबर सस्पेंड होतो आणि नंतरच्या काळाचं रिटर्न लागत नाही, पण ऑक्टोबर ते डिसेंबरचं लागतंच, ते जानेवारीत भरलं, दुकानदारांना दिलेल्या मालाची बिलं त्यातच होती, त्यांचं क्रेडिट माझ्यावर अवलंबून.

24 जानेवारीला रेग-19 आली, रद्द झाल्याची ऑर्डर. तारीख 31 डिसेंबरपासून.

फायनल रिटर्नला तीन महिने मिळतात, रद्द झाल्याची तारीख किंवा ऑर्डरची तारीख यातली जी नंतरची तिच्यापासून, म्हणजे माझी शेवटची तारीख 24 एप्रिल. मी 9 एप्रिलला भरलं. एवढा उशीर का तर बिलं शोधायला. जीएसटीआर-10 मध्ये नुसती 46,000 अशी एक रक्कम टाकता येत नाही, कोणत्या सप्लायरचा, कोणत्या तारखेच्या कोणत्या नंबरच्या बिलातला, किती नग, किती किमतीचा, किती क्रेडिट असं ओळीने टाकायचं असतं. स्विचचा एक खोका हातात आणि समोर सहा वर्षांच्या फायली. मी शेवटच्या खरेदीपासून मागे जात गेलो, या वस्तूची अगदी अलीकडची खरेदी कोणती ते बघायचं आणि तिथून नग पूर्ण होईपर्यंत मागे. ज्याचं बिल सापडलंच नाही ते वेगळ्या तक्त्यात जातं, 8डी मध्ये, तिथं बाजारभावाने अंदाज धरायचा आणि सीएंचं सर्टिफिकेट जोडायचं. माझे दोनच खोके तसले निघाले.

एकूण देणं 8,280 अधिक 4,464 म्हणजे 12,744, अर्धं सीजीएसटी अर्धं एसजीएसटी. क्रेडिट लेजरमध्ये 9,150 शिल्लक होते, ते इथं वापरता येतात, आणि इथंच वापरायचे कारण यानंतर उरलेलं क्रेडिट परत मिळत नाही, ते गेलंच. राहिलेले 3,594 चलनाने भरले. कॅश लेजरमध्ये तुमचा पैसा उरला असेल तर तो मात्र आरएफडी-01 ने परत मागता येतो, म्हणून तोवर करंट खातं बंद करू नका, पैसे त्याच खात्यात येतात. सबमिट करायच्या आधी ड्राफ्ट छापून घेऊन सीए आणि मी दोघांनी ओळीन् ओळ तपासली, कारण हे रिटर्न एकदा गेलं की दुरुस्त करता येत नाही.

प्रोफेशनल टॅक्सचं वेगळं आहे हे मला एप्रिलमध्येच कळलं, तेही सीएंनी सहज विचारलं म्हणून. पीटीईसी नंबर जीएसटीबरोबर बंद होत नाही, तो वेगळ्या अर्जाने बंद करावा लागतो, नाहीतर वर्षाचे 2,500 लागत राहतात. ते केलं. शॉप ॲक्टचं पण धंदा बंद केल्याचं कळवून टाकलं.

बिलांच्या फायली एका लोखंडी पेटीत घालून घरच्या माळ्यावर ठेवल्यात. वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायच्या असतात, माझ्या शेवटच्या वर्षाची ती मुदत 31 डिसेंबर 2025, म्हणजे 31 डिसेंबर 2031 पर्यंत. पेटीच्या झाकणावर खडूने तारीख लिहून ठेवली आहे, बायकोला पण सांगून ठेवलंय की रद्दीवाला आला तर ही द्यायची नाही. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मी पोर्टल उघडून ते दुसरं पान बघतो.